‘सल्फेट फ्री’ ट्यूबमधला साबण

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे. लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. चेहरा फार तेलकट आहे म्हणून ‘ऑइल कंट्रोल, सल्फेट फ्री’ लिहिलेला फोम फेसवॉश दिवसातून चार वेळा वापरते. धुतल्यावर चेहरा ताणतो, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात आणि क्लास सुटेपर्यंत कपाळ पुन्हा चमकायला लागतं. इथे बोअरचं पाणी आहे. रूममेटचा फेसवॉश वेगळा आहे. मेडिकलवाल्या काकांनी तिसराच दिला, पण त्याला धड फेसही येत नाही. तिन्हींच्या मागची सुरुवातीची नावं लिहिते. माझा: पाणी, मायरिस्टिक ॲसिड, ग्लिसरीन, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड. रूममेटचा: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम क्लोराइड. काकांनी दिलेला: पाणी, ग्लिसरीन, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम मिथाइल कोकॉइल टॉरेट, डेसिल ग्लुकोसाइड. यातला कोणता वापरू?

उत्तर: काकांनी दिलेला वापर. रूममेटचा वाईट नाही, पण सध्याच्या तुझ्या चेहऱ्याला तो नको. आणि तुझी स्वतःची ट्यूब आजपासून चेहऱ्याला लावू नकोस. उरलेली पाय धुवायला संपव.

नावं उतरवून पाठवलीस हे फार बरं केलंस, कारण नुसतं ‘फोम फेसवॉश’ म्हटलं असतंस तर मला काहीच सांगता आलं नसतं. तू रसायनशास्त्र शिकतेस, तेव्हा तुझ्या ट्यूबमधलं दुसरं आणि चौथं नाव शेजारी ठेवून बघ. मायरिस्टिक ॲसिड हे मेदाम्ल आहे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्कली. दोन्ही एकत्र तापवले की काय तयार होतं? साबण आणि पाणी. स्टिअरिक आणि लॉरिक ॲसिडही त्याच कामाला लागतात. म्हणजे तू चार वेळा चेहऱ्याला लावतेस तो साबणच आहे. सोडियमऐवजी पोटॅशियम वापरलं की वडी न होता मऊ लगदा होतो, एवढाच फरक.

मग ट्यूबवर ‘साबण’ असं का लिहिलेलं नाही? अंघोळीच्या वडीवर ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम पाम कर्नलेट’ असं तयार साबणाचं नाव असतं, त्यामुळे माहीतगाराला ते लगेच कळतं. ट्यूबमधला साबण कारखान्यात मोठ्या टाकीतच बनवला जातो, आणि लेबलवर कच्चा माल सुटा सुटा लिहिला जातो. वाचणाऱ्याला ‘ॲसिड’ दिसतं आणि वाटतं की काहीतरी सॅलिसिलिक ॲसिडसारखं औषधी असेल. शिवाय ‘सल्फेट फ्री’ हे शब्दशः खरं असतं, कारण साबणात सल्फेट नसतंच. मी काही वर्षं फेसवॉश बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. असे लगदे मी स्वतः ढवळलेत. वापरून बघायला बोलावलेल्या मुली त्यालाच सगळ्यात जास्त गुण द्यायच्या: दाट फेस, चटकन धुतला जातो, चेहरा बोटाखाली करकर वाजतो. त्या करकरीलाच आम्ही ‘स्वच्छ’ म्हणत होतो, आणि त्याच मुलींना पंधरा दिवसांनी कसं वाटतंय हे कोणी विचारत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

ती करकर म्हणजे काय, ते आधी सांगते. तुझ्या चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या प्रकारचे स्निग्ध पदार्थ आहेत. एक वरचं तेल, म्हणजे सीबम. ते तैलग्रंथींतून रंध्रावाटे वर येतं आणि त्याचीच तुला अडचण वाटते. दुसरे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, पेशीपेशींच्या मध्ये भरलेले असतात: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. ते पाणी आत धरून ठेवतात. सारवलेलं अंगण डोळ्यांसमोर आण. केर झाडूने निघतो, पण रोज खराटा घासला तर सारवणही उकरलं जातं. तेलकट चेहऱ्याचं सारवण जाड असतं असं नाही. वर केर जास्त, एवढंच. म्हणूनच तेलकट चेहराही कोरडा पडून सोलवटू शकतो. तुझ्या नाकाच्या कडेचे पापुद्रे त्याचेच आहेत.

साबण हे सारवण दोन प्रकारे उकरतो. एक तर तो तेल ओढून नेतो, ते सगळेच फेसवॉश कमी-अधिक करतात. दुसरा प्रकार साबणाचा खास: त्याचा पीएच. निरोगी चेहऱ्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल. साबणाचा ९ ते १०. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट, हे तुला सांगायला नको. ५ आणि ९ यांत दहा हजारपट अंतर आहे. अल्कलीत वरच्या थरातल्या पेशी फुगतात. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे बंध तोडणारी विकरं जोरात कामाला लागतात आणि सेरामाइड तयार करणारी विकरं मंदावतात, कारण त्यांना आम्लच मानवतं. एकदा धुतल्यावर त्वचा आपला पीएच हळूहळू परत मिळवते, पण त्याला तास लागतात. तू दिवसातून चार वेळा धुतेस. म्हणजे सावरायच्या आत पुढची पाळी येते.

इथे कोणी म्हणेल, साबणात लिंबू पिळावं तसं थोडं आम्ल घालून पीएच ५.५ करून टाकावा. तसं होत नाही. साबणात आम्ल घातलं की तो पुन्हा मेदाम्लात बदलतो आणि पाण्यात पांढरे कण तरंगायला लागतात, फेस संपला. म्हणून खऱ्या साबणाचा पीएच त्वचेइतका आणताच येत नाही. मेदाम्लं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही दोन्ही नावं यादीत अगदी वर असलेल्या ट्यूबवर ‘पीएच बॅलन्स्ड’ लिहिलेलं दिसलं, तर त्या शब्दांवर जाऊ नकोस. एक मात्र लक्षात ठेव: पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड यादीच्या अगदी शेवटी एकटंच असेल, तर ते पीएच जुळवण्यापुरतं चिमूटभर घातलेलं असतं. त्याला घाबरायचं कारण नाही. ते वर, मेदाम्लांच्या संगतीत असेल तरच साबण.

त्यात तुझं बोअरचं पाणी. शाळेत आपण ज्याला दुष्फेन म्हणायचो तेच हे जड पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. साबण त्यातल्या कॅल्शियमला पकडतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. होस्टेलच्या बादलीच्या आतल्या बाजूला हाताला लागणारा पांढरट चिकट थर असतो ना, तोच. तो चेहऱ्यावरही बसतो. बोट फिरवल्यावर करकर येते, त्यात या साक्याचाही वाटा आहे. म्हणजे ज्याला आपण धुऊन निघालेला चेहरा समजतो, त्यावर नवीन काहीतरी चिकटलेलं असतं. रूममेटच्या आणि काकांच्या फेसवॉशमधली द्रव्यं जड पाण्यात असा साका करत नाहीत. जिथे टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे तिथे मी साबणाच्या फेसवॉशला सरळ नाही म्हणते, त्याचं हे दुसरं कारण.

आता लेबल न वाचताही साबण ओळखायची एक युक्ती, स्वयंपाकघरातली. पांढऱ्या कपड्यावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग पिवळ्याचा लालसर होतो, हे तू घरी पाहिलं असशील. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. तर चिमूटभर हळद चमचाभर सर्जिकल स्पिरिटमध्ये किंवा पातळ हँड सॅनिटायझरमध्ये कालव, त्यात पांढऱ्या टिश्यूची किंवा वहीच्या कागदाची पट्टी बुडव आणि वाळू दे. झाली तुझी दर्शक पट्टी. चमचाभर बाटलीबंद पाण्यात वाटाण्याएवढा फेसवॉश विरघळव आणि एक थेंब पट्टीवर टाक. शेजारी नुसत्या पाण्याचा एक थेंब आणि अंघोळीच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाक, म्हणजे तुलना करता येईल. साबणाचा थेंब विटकरी-तांबडा होईल. तुझ्या ट्यूबचा थेंब त्याच्यासारखा होईल अशी माझी खात्री आहे. काकांच्या फेसवॉशचा पिवळाच राहायला हवा.

या पट्टीची मर्यादाही सांगते. ती फक्त अल्कली दाखवते. रूममेटच्या फेसवॉशचा थेंबही बहुधा पिवळाच राहील, पण त्यावरून तो काकांच्या इतकाच सौम्य ठरत नाही. पट्टी पिवळी राहणं ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी नावांची. आणि फेसवॉश स्वतःच लाल किंवा गर्द हिरवा असेल तर पट्टीवरचा रंग फसवतो, त्यावेळी तिच्यावर विसंबू नकोस.

नावांची चाळणी लावायला एकच सवय पुरेशी आहे: नावाचं शेपूट वाचायचं. मळ सुटा करणाऱ्या प्रत्येक द्रव्याच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढणारं असतं आणि दुसरं पाण्याकडे. नावात ‘कोको’, ‘कोकॉइल’, ‘लॉरिल’, ‘लॉरॉइल’ असं जे येतं ते तेलाकडचं टोक. बहुतेकांत ते नारळ किंवा पामच्या तेलातून येतं आणि जवळपास सारखंच असतं. म्हणून ‘नारळापासून बनवलेलं’ या जाहिरातीला काही अर्थ नाही. सगळ्यात कडक सोडियम लॉरिल सल्फेटही त्याच नारळातून निघू शकतं. सौम्य की कडक हे ठरवण्यात पाण्याकडच्या टोकाचा मोठा वाटा असतो, आणि त्याचं नाव शेवटच्या शब्दात असतं: सल्फेट, टॉरेट, आयसेथिओनेट, बीटेन, ग्लुकोसाइड.

रूममेटचं सोडियम लॉरेथ सल्फेट घे. लॉरिल आणि लॉरेथ यांत थोडाच फरक दिसतो, पण तो मोठा आहे. लॉरेथमध्ये मध्ये इथिलीन ऑक्साइडचे दोन-तीन तुकडे जोडलेले असतात, त्यामुळे पाण्याकडचं टोक मोठं होतं आणि ते त्वचेत कमी शिरतं. शिवाय त्याच्यामागे लगेच कोकामिडोप्रोपिल बीटेन आहे, ही चांगली खूण. ही द्रव्यं पाण्यात एकेकटी फिरतात तेव्हा त्वचेतल्या प्रथिनांना चिकटून जास्त त्रास देतात. घोळका करून गोळ्याच्या रूपात असतात तेव्हा कमी. बीटेन सल्फेटच्या घोळक्यात सामील होतं आणि एकेकटे फिरणारे रेणू कमी होतात. म्हणून नुसत्या सल्फेटपेक्षा ही जोडी निश्चित सौम्य. तिच्या यादीतलं सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ. या जोडीला मिठाने घट्टपणा येतो, एवढंच त्याचं काम. तिला त्रास होत नसेल तर तिने तो खुशाल वापरावा. सल्फेट नाव दिसलं की ट्यूब फेकून द्यायची, हे मला पटत नाही. पण तुझ्या चेहऱ्याचं सारवण आज उकरलेलं आहे. त्यावर झाडूही हलकाच हवा.

काकांच्या फेसवॉशमध्ये तीन द्रव्यं आहेत आणि तिन्ही हलकी. बीटेन उभयधर्मी आहे, एकाच रेणूत धन आणि ऋण दोन्ही प्रभार. टॉरेटवर ऋण प्रभार असतो, पण ते सौम्य असतं आणि जड पाण्यातही काम करतं. डेसिल ग्लुकोसाइडवर प्रभारच नाही, साखरेचं डोकं आहे. ग्लिसरीन दुसऱ्याच क्रमांकावर आहे, म्हणजे नावापुरतं घातलेलं नाही. फेस कमी येतो तो या मिश्रणामुळे. आणि फेसाचा स्वच्छतेशी संबंध आपल्याला वाटतो तेवढा नाही. तेल सुटं करतात ते पाण्यातले गोळे, हवेचे बुडबुडे नव्हेत. धुतल्यावर चेहरा किंचित निसरडा वाटेल. तो राहिलेला फेसवॉश समजून पुन्हा पुन्हा धुऊ नकोस. दोन-तीन ओंजळी पाणी मारून निसरडेपणा तेवढाच राहिला, तर ती तुझी स्वतःची, न उकरलेली त्वचा आहे.

पुढच्या वेळी दुकानात हाच फेसवॉश मिळाला नाही तर पाण्यानंतरच्या पहिल्या चार-पाच नावांत बीटेन, ग्लुकोसाइड, टॉरेट, आयसेथिओनेट, सार्कोसिनेट किंवा ग्लुटामेट यांपैकी दोन-तीन शेपटं शोध. ‘ग्लायसिनेट’ दिसलं तर ते सौम्य घराण्यातलं आहे, पण त्याला फेस यावा म्हणून काही फेसवॉश अल्कलीकडे झुकवलेले असतात. तिथे हळदीची पट्टी कामाला येते. आणि ‘सल्फेट फ्री’च्या आडून येणारं आणखी एक नाव ध्यानात ठेव: सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट. सल्फेट नाही, सल्फोनेट आहे, म्हणून तो दावा खोटा ठरत नाही. पण ते तेल चांगलंच ओढतं. ते पहिल्या क्रमांकावर आणि सोबत बीटेनही नसेल तर तुझ्यासाठी नको. याउलट डायसोडियम लॉरेथ सल्फोसक्सिनेट हे लांबलचक, भीतीदायक नाव सौम्य आहे.

पहिलीच चार-पाच नावं का, तर आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे घटक जास्तीकडून कमीकडे लिहावे लागतात, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने लिहायला मुभा आहे. ही रेषा कुठे पडते याचा अंदाज फिनॉक्सीइथेनॉलवरून येतो. हे टिकवण्यासाठी घालतात आणि साधारण १ टक्क्याच्या आतच असतं. त्याच्या पुढे लिहिलेला कडुनिंब, टी ट्री, हळदीचा अर्क, कोरफड हे सगळं बहुधा चिमटीतलं. ट्यूबच्या पुढच्या बाजूला ज्याचं मोठं चित्र असतं ते बऱ्याचदा इथेच सापडतं. अगदी लहान, ६० मिलिलिटरच्या आतल्या द्रवाच्या बाटलीवर यादी छापणं बंधनकारक नाही, म्हणून नमुना म्हणून छोटी बाटली घ्यायची असेल तर आधी मोठ्या बाटलीची यादी वाचून घे.

आता तेल परत लवकर का येतं, याबद्दल. तुला कोणीतरी सांगेल की जास्त धुतल्यामुळे ग्रंथी चिडून जास्त तेल बनवतात. हे फार पसरलेलं आहे, पण मी ते ठामपणे सांगणार नाही. तैलग्रंथींचा वेग मुख्यतः हार्मोनवर ठरतो, आणि तुझ्या वयात तो भरात असतो. तू साबणाने धू नाहीतर साध्या पाण्याने, ग्रंथी आपलं तेल सोडतच राहणार आणि काही तासांत कपाळावर ते दिसणारच. फरक इतकाच की पूर्ण कोरड्या, ताणलेल्या कातडीवर आलेलं तेल जास्त जाणवतं. म्हणून कुठल्याही फेसवॉशकडून ‘दिवसभर तेल नाही’ ही अपेक्षा काढून टाक. त्याच्या हातात फक्त आलेलं तेल उचलणं आहे.

हे मान्य केलं की चार वेळा धुण्याला अर्थ उरत नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा. दुपारी क्लासमधून आल्यावर घाम असेल तर नुसत्या पाण्याने चेहरा धू आणि मऊ कापडाने टिपून घे. मध्ये कपाळ चमकलं तर साधा टिश्यू दाबून धर, घासू नकोस. तेल कागदात जातं आणि सारवणाला धक्का लागत नाही. फेसवॉश घेताना हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा पुरे. आधी चेहरा ओला कर, तळहातावर फेसवॉश पाण्यात पातळ कर, मग लाव. सुका फेसवॉश थेट गालावर चोळला तर एका जागी फार दाट बसतो. कपाळ, नाक, हनुवटी इथून सुरुवात कर आणि गाल शेवटी, कारण तेल जास्त मधल्या भागात असतं. अर्ध्या मिनिटात संपव. पाणी कोमट किंवा साधं. हिवाळ्यात बादलीत गीझरचं कढत पाणी असतं, ते चेहऱ्यावर घेऊ नकोस. जबड्याच्या कडेला आणि केसांच्या रेषेला फेस राहतो, तिथे हात फिरवून धू. जमलं तर शेवटची एक ओंजळ पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याची घे. रोज नाही जमलं तरी चालेल.

रात्री सनस्क्रीन उतरवायचं असेल तर कडक फेसवॉशची गरज नाही. हाच सौम्य फेसवॉश दोनदा लाव, दुसऱ्यांदा निम्मा. पुसून झाल्यावर चेहरा थोडा ओलसर असतानाच जेलसारखं, पातळ मॉइश्चरायझर लाव. तेलकट चेहऱ्याला कशाला, असं वाटेल. पण पापुद्रे गेल्याशिवाय हे बंद करू नकोस. बेसन आणि मुलतानी माती या महिन्यात बाजूला ठेव. मुलतानी माती तेल शोषते हे खरं आहे, पण वाळून चेहरा ओढेपर्यंत ठेवली की आधीच उकरलेल्या जागी ती आणखी पाणी काढते. लिंबू तर कधीच नको. आणि सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश मुरुमांसाठी उपयोगी पडू शकतो, पण तो पापुद्रे थांबल्यानंतरचा विषय.

जमतंय की नाही हे कसं कळेल? रात्री चेहरा धुऊन टिपून घे आणि वीस मिनिटं काही लावू नकोस. हसून बघ, तोंड उघडून बघ. गाल ओढले गेले नाहीत, मॉइश्चरायझर लावताना चुरचुरलं नाही, घाम आल्यावर झोंबलं नाही, तर फेसवॉश मानवला. पहिल्या आठवड्यात मात्र चेहरा नीट धुतलाच गेला नाही असं वाटत राहील, कारण बोटांना त्या करकरीची सवय आहे. त्या आठवड्यात परत जुन्या ट्यूबकडे जाऊ नकोस. उकरलेला थर भरून यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नाकाच्या कडेचे पापुद्रे आधी थांबतील, ताण त्याच सुमारास जाईल. कपाळावरचं तेल थोडंबहुत तसंच राहील.

महिन्यानंतर पापुद्रे गेले आणि तेल मात्र अकराच्या ऐवजी दहालाच टिपावं लागतंय असं झालं, तर तेव्हा रूममेटचा फेसवॉश रात्री एकदा आणि काकांचा सकाळी, असं करून बघायला माझी हरकत नाही. आधी नाही.

एका गोष्टीवर लक्ष ठेव. सौम्य द्रव्यांचीही काहींना ॲलर्जी असते. कोकामिडोप्रोपिल बीटेनला २००४ साली आणि डेसिल ग्लुकोसाइडच्या घराण्याला २०१७ साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हणून पुढे आणलं होतं, ते डॉक्टरांचं लक्ष जावं म्हणून. बहुसंख्य लोकांना काही होत नाही. पण नवीन फेसवॉशने ताणाऐवजी खाज सुटली, पापण्या सुजल्या, कानामागे किंवा मानेवर लाल चट्टे आले, तर तो उकरण्याचा त्रास नाही, ॲलर्जी असू शकते. लगेच थांबव, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ट्यूब सोबत ने. पॅच टेस्ट करून नेमकं द्रव्य कळू शकतं.

नाकाच्या कडेचे पापुद्रे पिवळट, तेलकट असतील, भुवयांत आणि डोक्यातही कोंडा असेल, तर चार आठवडे वाट बघू नकोस. तो सेबोरिक डर्मटायटिस असू शकतो, त्याला औषध लागतं आणि फेसवॉश बदलून तो जात नाही. आणि तेलासोबत हनुवटीवर दुखऱ्या गाठी येत असतील, पाळी मागेपुढे होत असेल किंवा ओठांवर केस वाढत असतील, तर घरी आईला सांग आणि डॉक्टरांना दाखव. अशा वेळी तेलाचं मूळ हार्मोनमध्ये असण्याची शक्यता असते.